तुम्ही विचारलंत म्हणून: आभारातली पाच नावं

“मॅडम, गॅदरिंगला आभार मानताना सगळ्यांची नावं घेतली असती तर काय बिघडलं असतं? दोन मिनिटं तर जास्त लागली असती!”

दोन मिनिटं नाही लागत, इथूनच सुरुवात करते. “प्राध्यापक डॉक्टर” लावून, आडनाव घेऊन आणि काय काम केलं ते सांगून एक नाव पुरं व्हायला पाच सेकंद जातात. साठ नावं म्हणजे पाच मिनिटं. त्याच्या आधी “आता मी आभारप्रदर्शनासाठी उभी आहे”, नंतर “कळत-नकळत ज्यांचं सहकार्य लाभलं”, आणि मधे कुणीतरी हात लांब करून स्टेजवर सरकवलेल्या दोन चिठ्ठ्या. सात मिनिटं झाली. आपल्याकडे आभार कधी येतात? बक्षीस समारंभ संपल्यावर आणि विविध गुणदर्शन सुरू व्हायच्या आधी. मागच्या रांगेतली मुलं शिट्ट्या वाजवत असतात, ग्रीनरूममध्ये मेकअप उतरायला लागलेला असतो, आणि उघड्या पटांगणावर दहा वाजता स्पीकर बंद करायचा असतो. आभाराचं प्रत्येक मिनिट शेवटच्या आयटमच्या पोटातून जातं.

हे मी हिशोब मांडून सांगते आहे, पण खरं कारण हे नाही, हे मलाही कळतं. वेळ वाचवायचा असता तर पाहुण्यांच्या परिचयातली तीन पानं आधी कापली असती.

खरं कारण 2014 चं गॅदरिंग. त्या वर्षी आभार पहिल्यांदा माझ्याकडे आले होते आणि मी ठरवलं होतं की माझ्या हातून कुणीही राहणार नाही. त्या वेळची मी आज भेटले तर माझ्याशी भांडेल. ती म्हणेल, वर्षभर राबणाऱ्या माणसाला वर्षातून एक दिवस माईकवरून आपलं नाव ऐकायला मिळतं, तेही तू काढून घेतेस? तिच्याकडे टाइप केलेली 58 नावं होती. कार्यालयातून समित्यांची सूचना आणली, स्वागत समिती, मंच व्यवस्था, भोजन, शिस्त, वेशभूषा, अशा क्रमाने उतरवून घेतली. दोनदा तपासली. मंडपवाल्याचंसुद्धा नाव होतं.

त्या दिवशी दुपारी लावणीच्या मुलींसाठी ठरलेली ब्यूटीशियन आलीच नाही. फोन उचलेना. अकरा मुली, अकरा नऊवारी, आणि त्यातल्या दोघींनाच नऊवारी नेसता येत होती. आमच्याकडे स्टाफरूम झाडणाऱ्या मावशी होत्या. त्या हातातला झाडू ठेवून ग्रीनरूममध्ये गेल्या आणि चार ते सहा या वेळात नऊ मुलींना नऊवारी नेसवली. नाचायचं असेल तर कासोटा नुसता खोचून भागत नाही, पिना कुठे आणि किती लावायच्या ते माहीत असावं लागतं. एकीची साडी आखूड होती, तिला मावशींनी वेगळ्याच तऱ्हेने बसवून दिली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी स्टाफरूममध्ये बसून 58 नावांतले ‘प्रा.’ आणि ‘डॉ.’ तपासत होते.

मग मी उभी राहिले आणि वाचलं. वेशभूषेच्या ठिकाणी कागदावर त्या ब्यूटीशियनचं नाव होतं, ते मी वाचलं. “यांनी मोलाचं सहकार्य केलं” असंही म्हणाले. विंगेत नऊवारीतल्या मुली उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे मावशी, हातात उरलेल्या पिनांची डबी. मुली हसल्या. एक जण म्हणाली, “मावशी, तुमचं?” मावशी म्हणाल्या, “असू दे गं, कागदात नसंल.”

आणि यादी संपल्यावर मी ते वाक्य म्हणाले जे सगळेच म्हणतात: अनावधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व.

दुसऱ्या दिवशी मला कळलं तेव्हा मी मावशींना शोधायला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, चुकून राहिलं वगैरे. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “माझं विसरलात त्याचं काय नाही मॅडम. पण आली नाही तिचं घेतलंत.”

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांचं नाव नुसतं राहिलं असतं तर ती विसरभोळेपणाची चूक ठरली असती. पण मी 58 नावं घेतली होती. दोनचार नावं घेतली की ऐकणारा समजतो, ही उदाहरणादाखल आहेत. 58 घेतली की तो समजतो, ज्यांनी काम केलं ते एवढेच. मग एकोणसाठावा माणूस राहिलेला नसतो, वगळलेला असतो. आणि ते क्षमस्ववालं वाक्य, ते तर मला आता ऐकवतच नाही. नाव घ्यायला हवं होतं हे मान्य करायचं आणि घेतलं मात्र नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या वर्षी वेळ संपला म्हणून शेवटचं मूकनाट्य रद्द झालं. ते काही केवळ माझ्या सात मिनिटांमुळे नाही. पण सात मिनिटं माझी होती.

तेव्हापासून मी असं करते. ज्याचं नाव त्या दिवशी स्टेजवरून एकदा घेतलं गेलं आहे, सत्कारात, बक्षिसाच्या देणगीदारांत किंवा सूत्रसंचालनात, त्याचं आभारात पुन्हा घेत नाही. एवढ्यानेच निम्मी यादी गळते. संस्था आणि प्राचार्य यांच्यासाठी मिळून एक वाक्य. यजमानांनी यजमानांचेच आभार किती वेळ मानायचे? पाहुण्यांसाठीची जागा कागदावर मी कोरी ठेवते. त्यांचं भाषण ऐकताना त्यांचंच एखादं वाक्य तिथे लिहून घेते, म्हणजे “आपला अमूल्य वेळ दिला” म्हणावं लागत नाही. आणि कार्यक्रमाच्या आधी, साडेचारच्या सुमारास, एक चक्कर मारते: ग्रीनरूम, साउंडवाल्याचं टेबल, जेवणाचा मंडप. सगळीकडे एकच विचारते, आज ऐनवेळी कोण धावून आलं? समित्यांच्या सूचनेत ते कधीच नसतं. सूचना आठवडाभर आधी निघते, आणि जे बिघडायचं ते त्याच दिवशी बिघडतं.

गेल्या वर्षीचं आभाराचं भाषण असं होतं. नावांच्या जागी इथे फक्त काम ठेवते:

“दहावीला दोनदा नापास झालो होतो, हे पाहुण्यांनी आज स्वतःहून सांगितलं. बक्षीस द्यायला आलेल्या माणसाकडून हे ऐकायला मिळालं, आणि ज्यांना आज बक्षीस नाही त्यांनीही ते ऐकलं. सर, तुमचे आभार. संस्थेने पटांगण आणि पैसा दिला, प्राचार्यांनी मोकळीक दिली, त्यांचे आभार. काल रात्री वाऱ्याने मंडपाची एक बाजू बसली, तेव्हा अकरापर्यंत थांबून ती पुन्हा बांधून घेणारे आमचे मामा. तीन आठवडे तालमींचं वेळापत्रक सांभाळून एकाही तासाला दांडी न मारणारी द्वितीय वर्षाची दोन मुलं. दुपारी जनरेटर बंद पडल्यावर स्वतःच्या गाडीने दुसरा आणणारे भूगोलाचे सर. आणि चारशे ताटांचा अंदाज चुकल्यावर तासाभरात पुन्हा भात लावणाऱ्या स्वयंपाकाच्या ताई. या पाच जणांचं काम तुम्हाला स्टेजवरून दिसलं नसतं, म्हणून नावं सांगितली. बाकी सगळ्यांची नावं उद्या सूचनाफलकावर कामासकट लागतील. आता मुलं थांबलीयत. धन्यवाद.”

घड्याळ लावून वाचा, दीड मिनिटाच्या आत संपतं. “या पाच जणांचं काम तुम्हाला दिसलं नसतं” हे वाक्य मी मुद्दाम घालते. ते नसेल तर हीच पाच का, हा प्रश्न उरतो आणि लोक आपापलं उत्तर शोधतात. ते उत्तर सहसा जातीपासून स्टाफरूममधल्या खुर्च्यांपर्यंत कुठेही जातं. सूचनाफलकावरची यादीही खरोखर लागते. पहिल्या वर्षी लावायला मी चार दिवस घेतले आणि शिव्या खाल्ल्या, त्या बरोबरच होत्या.

आता तुमच्यातल्या एका मॅडमबद्दल. त्या वाचतीलच, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी बक्षिसांची 132 प्रमाणपत्रं त्यांनी पुकारण्याच्या क्रमाने लावली होती. एकही मागेपुढे झालं नाही. पाहुण्यांच्या हातात चुकीचं प्रमाणपत्र गेलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: मुलगा दुसऱ्याचं नाव असलेला कागद धरून फोटोला उभा राहतो. त्या वर्षी तसं एकदाही झालं नाही. आणि माझ्या पाचांत त्या नव्हत्या. का? कारण त्यांच्याकडे काहीच बिघडलं नाही. साडेचारला मी चक्कर मारली तेव्हा टेबलावर गठ्ठे नीट लागलेले होते, त्या पाणी पीत बसल्या होत्या, आणि मी पुढे गेले.

त्या सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला राग आला होता, खोटं का बोलू. म्हटलं, फलकावर नाव आहे की, तेही पहिल्या ओळीत. पण फलक गर्दीने वाचला जात नाही, हे मीही जाणते, आणि त्यांची आई त्या दिवशी पटांगणात बसली होती. माझ्या पद्धतीत आग विझवणाऱ्याचं नाव येतं. जिथे आग लागलीच नाही तिथल्या माणसाचं येत नाही. हे मला आधी दिसलं नव्हतं आणि अजून यावर काही सुचलेलं नाही. सहावं नाव घालायचं म्हटलं तर सातवं कुणाचं ते लगेच तयार असतं. 2014 मधली मी कोपऱ्यात उभी राहून हसते आहे, आणि तिला गप्प करता येत नाही.

आणखी एक कबूल करते. आभार छोटे झाले की टाळ्या पडतात. त्या मला आवडतात. त्यातल्या किती आभाराला असतात आणि किती सुटकेला, हे मी विचारत नाही.

यंदा मी पायऱ्या चढत असताना कुणीतरी माझ्या हातात चिठ्ठी कोंबली, “मॅडम, ही चारच नावं”. मी ती न उघडता पर्समध्ये टाकली आणि माझी पाच वाचली. घरी आल्यावर उघडली. तीन नावं नेहमीची होती. चौथं मला खरंच माहीत नव्हतं, आणि पुढे काम लिहिलं होतं: दिवसभर पार्किंगच्या गेटवर.