पलंगाखालच्या विटा

"मॅडम, आठव्या आठवड्यात रक्ताचे डाग दिसले. सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या, बाथरूमलाही उठू देत नाहीत. असं झोपून राहिलं की बाळ टिकतं ना?"

विटा काढा आणि उठा. सोनोग्राफी झाली नसेल तर आधी ती करा. गर्भ गर्भाशयातच आहे आणि ठोके दिसतात, एवढं कळलं की बरीच काळजी मिटते. ठोके दिसल्यावर बहुतेक गर्भ पुढे नीट वाढतात, बाई झोपून राहिली तरी आणि पोळ्या लाटत राहिली तरी. पलंगाला फुकटचं श्रेय मिळतं ते यामुळेच. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांत मुळात गुणसूत्रांचा दोष असतो. त्याला विटा काय करणार?

"उठलं की जास्त जातं," हे मात्र खरं आहे. आडवं असताना रक्त योनीमार्गात साचतं आणि उभं राहताच भसकन बाहेर येतं. ते आधीच सुटलेलं असतं. पण घरातले घाबरतात आणि बाईला पुन्हा झोपवतात.

मानेवाड्याकडची एक पेशंट अशीच ऐन मे महिन्यात झोपवलेली होती. बेडपॅन मागायची लाज, म्हणून ती पाणीच कमी प्यायची. नागपूरचा उन्हाळा, शेजारी कूलर घरघरतोय. डाग लवकरच थांबले होते, तरी झोपणं चालूच. मग डावी पोटरी दुखायला लागली. घरच्यांना वाटलं, अंग आखडलं. मी दोन्ही पाय उघडे करून पाहिले, तर डावा मांडीपर्यंत सुजलेला आणि गरम. पायाच्या डॉप्लर सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं. त्यात पाय हलले नाहीत, पाणी कमी पडलं, की गुठळीला निमित्तच मिळतं. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. बाळ सुखरूप होतं, पण आईला बाळंतपणापर्यंत आणि पुढे सहा आठवडे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं रोज पोटावर घ्यावी लागली.

अकाली प्रसूतीच्या भीतीनं झोपवण्याचंही तेच. गर्भाशयाचं तोंड आखूड झालं असेल तर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं औषध किंवा काहींना त्या तोंडाला घातलेला टाका उपयोगी पडतो. झोपण्यानं ते लांबत नाही. डाग जात असताना प्रोजेस्टेरॉनचा फायदा दिसलाय तो आधी गर्भपात झालेल्यांना, सरसकट सगळ्यांना नाही.

तेव्हा घरातली नेहमीची कामं करा, चाला, पाणी प्या. भरलेल्या बादल्या तेवढ्या दुसऱ्याला उचलू द्या. तासाभरात पॅड भिजलं, पोटात असह्य कळ आली, चक्कर आली, एकच पाय सुजला किंवा धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता, रात्र असली तरी निघा.