पोलवरून डॅम्पिंग बरोबर आलं, सेटलिंग टाइम चुकला: माझा अनुभव

फोंड्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये काजूच्या डब्यांची फिरती थाळी आहे. डीसी मोटर, एन्कोडर आणि २० मिलिसेकंदांनी एकदा चालणारा कंट्रोलर, एवढीच मांडणी. थाळी नव्या जागी जाऊन थोडी डोलते आणि मग स्थिर होते. ती किती वेळात स्थिर होते, हे अंदाजाने नको होतं. नोंदींतून पोल काढायचे आणि पोलवरून डॅम्पिंग, नॅचरल फ्रिक्वेन्सी आणि सेटलिंग टाइम सांगायचा, असं काम होतं.

पहिली पायरी सोपी असते, पण तिच्यात एक खाच आहे. स्टेप दिल्यावर थाळी जिथे अखेर थांबते ती किंमत प्रत्येक नोंदीतून वजा करायची. उरलेलं विचलन `y` घेऊन, आताची किंमत मागच्या दोन किमतींवरून किती ठरते, हे लिस्ट स्क्वेअर्सने काढायचं. वजाबाकी विसरली तर ती न मिटणारी स्थिर किंमतही समीकरण आपल्या अंगावर घेतं. मग १ च्या जवळ एक पोल येऊन बसतो आणि यंत्र अतिसंथ आहे असं वाटू लागतं. खरं तर तो पोल यंत्राचा नसतोच.

नोंदींतून आलेलं समीकरण असं होतं:

```
y[k] = 0.07*y[k-1] - 0.168*y[k-2]
```

पोलची त्रिज्या म्हणजे ०.१६८ चं वर्गमूळ, ०.४१. कोन सुमारे ८५ अंश, म्हणजे १.४९ रेडियन. पुढचं गणित `z = e^(sT)` या एकाच नात्यातून निघतं, म्हणून उलट जायला लॉगॅरिदम पुरतो:

```python
import numpy as np
z = np.roots([1, -0.07, 0.168])[0]
T = 0.02
s = np.log(z) / T
wn = abs(s)
zeta = -s.real / wn
ts = -4 / s.real
```

डॅम्पिंग रेशो ०.५१ आला. सेटलिंग टाइम मात्र ०.०९ सेकंद. समोर थाळी जवळजवळ अर्धा सेकंद डोलताना दिसत होती, मोबाइलच्या व्हिडिओतही तेच. पाचपट फरक हा मोजमापाचा गोंगाट नसतो, त्यामागे ठोस कारण असतं. फाइलमधला नमुन्याचा क्रमांक पाहिला: ०, ५, १०, १५. कंट्रोलर २० मिलिसेकंदांनी चालत होता, पण फाइलमध्ये दर पाचवाच नमुना उतरत होता. म्हणजे या पोलसाठी `T` ०.१ सेकंद होता. तो घातल्यावर नॅचरल फ्रिक्वेन्सी १७.३ रेडियन प्रति सेकंद आणि सेटलिंग टाइम ०.४५ सेकंद आला. तो व्हिडिओशी जुळला.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की `T` चुकला असतानाही डॅम्पिंग रेशो बरोबरच होता. त्याच्या सूत्रात `T` येतच नाही. फक्त त्रिज्येचा लॉगॅरिदम आणि कोन यांचं गुणोत्तर लागतं. फ्रिक्वेन्सी आणि सेटलिंग टाइम यांना मात्र सेकंद लागतात. म्हणून डॅम्पिंग पटलं आणि वेळ पटली नाही, तर आधी कंट्रोलरच्या ट्यूनिंगला हात लावू नये, नमुन्याचा काळ तपासावा.

मग सगळे नमुने उतरवून घेतले. आता समीकरणात १.६ आणि −०.७ आले. पोल ०.८ ± ०.२४५j. त्रिज्या ०.८३७, कोन १७ अंश. डॅम्पिंग पुन्हा ०.५१. त्रिज्या ०.८३७ असो वा ०.४१, यंत्र तेच, डॅम्पिंग तेच. पाच नमुन्यांमागे एक घेतला की पोलचा पाचवा घात होतो: त्रिज्येचा पाचवा घात आणि कोनाची पाचपट. समान डॅम्पिंगची रेघ झेड-प्रतलात सरळ नसते. ती १ पासून निघून केंद्राकडे वळत जाणारी लॉगॅरिदमिक सर्पिल असते आणि हे दोन्ही पोल त्याच सर्पिलवर बसतात. "पोल आत आला, म्हणजे डॅम्पिंग वाढलं" हे म्हणूनच खरं नाही. कोन न बघता नुसत्या त्रिज्येवर बोट ठेवलं तर फक्त एवढंच कळतं, की किती नमुन्यांत डोलणं मिटेल. इथे २० मिलिसेकंदांचे साधारण २२ नमुने. कोनावरून एक हेलकावा किती नमुन्यांचा ते कळतं: ३६० भागिले १७, म्हणजे २१ नमुने.

या युक्तीला मर्यादा आहे. दर बारावाच नमुना घेतला असता तर कोन २०४ अंश झाला असता. १८० च्या पुढचा कोन दुसऱ्या बाजूने १५६ अंश म्हणून दिसतो, आणि त्यावरून डॅम्पिंग ०.६२ निघालं असतं. ते साफ चूक. तेव्हा मोजलेला कोन १८० च्या जवळ दिसला की त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी नमुने दाट करून पुन्हा मोजणं भाग आहे.

डॅम्पिंग थेट ओव्हरशूटवरून का काढलं नाही, असं विचारलं जातं. ०.५१ ला पुस्तकी ओव्हरशूट १५ टक्के. पण तो आकडा झीरो नसलेल्या प्रणालीचा. कंट्रोलरमध्ये डेरिव्हेटिव्ह असला की झीरो येतो आणि त्याच पोलवर ओव्हरशूट वाढू शकतं. पोल विचलन मिटण्याच्या वेगात दिसतात, पहिल्या शिखरात नव्हे.

यानंतर कंट्रोलरचा काळ १ मिलिसेकंद झाला, आणि सेटपॉइंटला तेवढंच डॅम्पिंग व तीच फ्रिक्वेन्सी असलेला फिल्टर लावायचा ठरला. पोलचे गुणांक १.९८२०२७ आणि ०.९८२३२४. स्क्रीनवर तीनच दशांश स्थळं मावत होती, म्हणून १.९८२ आणि ०.९८२ भरले. फिल्टर हललाच नाही. कारण कागदावर लगेच दिसतं: १ − १.९८२ + ०.९८२ = ०. एक पोल नेमका १ वर गेला. या बेरजेची खरी किंमत ०.०००३ असते, म्हणजे साधारण `(wn*T)` चा वर्ग, आणि फिल्टरचा इनपुट गुणांकही तोच. नमुने दाट झाले की सगळे पोल १ जवळ गर्दी करतात, आणि यंत्राची सगळी माहिती अशा बारीक फरकात जाऊन बसते. चार दशांश ठेवले तर फ्रिक्वेन्सी १७.४ येते, तेवढं चालतं.

मी मात्र फिल्टर वेगळ्या रूपात लिहिला, जिथे हा फरक हाताने जपावा लागत नाही:

```
v = v + T*(wn*wn*(r - x) - 2*zeta*wn*v)
x = x + T*v
```

`r` हा सेटपॉइंट, `x` हे फिल्टरचं आउटपुट आणि `v` हा त्याचा वेग. इथे ०.५१ आणि १७.३ हेच आकडे सरळ भरता येतात. हे रूप १ मिलिसेकंदाला चोख चालतं. २० मिलिसेकंदांना तेच वापरलं तर डॅम्पिंग ०.५६ आणि फ्रिक्वेन्सी १९.३ होते, म्हणून संथ लूपमध्ये १.६ आणि ०.७ हेच गुणांक ठेवले.