टॅब बंद केला, पण खातं उघडंच राहिलं

जूनमध्ये माझा फोन दुरुस्तीला टाकला होता आणि मुलीच्या प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख आली होती. एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत गेले. आधार कार्डाचा फोटो भावाकडे होता, म्हणून तिथेच फेसबुक उघडून त्याच्याकडून मेसेंजरवर मागवला, डाउनलोड केला आणि फॉर्मला जोडला. गाडीची वेळ झाली होती. क्रोमची खिडकी बंद केली आणि पळाले.

रात्री भांडी घासताना आठवलं की आपण लॉग आउट केलंच नाही. शिवाय घाईत `Save password?` या चौकटीवर `Save` दाबल्याचंही आठवलं. पोटात गोळा आला.

यांच्या फोनवरून लगेच खात्यात शिरले. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात `Password and security` आणि त्याखाली `Where you're logged in`. तिथे माझा फोन आणि यांचा फोन होता, आणि एक विंडोज कॉम्प्युटरही होता. त्याच्यापुढे गावाचं नाव मात्र पुण्याचं. क्षणभर वाटलं, आणखी कोणीतरी शिरलंय. पण ही जागा इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून अंदाजाने लावतात, त्यामुळे तालुक्याऐवजी मोठं शहर दिसू शकतं. वेळ पाहिली, तर दुपारी मी बसले होते तीच. ते यंत्र निवडून लॉग आउट केलं आणि लगेच पासवर्ड बदलला. हे केलं की कॅफेतलं उघडं खातं बंद होतं आणि तिथे साठवलेला पासवर्डही निकामी होतो. तोच जुना पासवर्ड मी ईमेललाही ठेवला होता, म्हणून तोही बदलला.

पण आधारचा फोटो त्या कॉम्प्युटरवरच होता, आणि तो घरबसल्या पुसता येत नाही. सकाळी पहिल्या गाडीने गेले. कॅफेवाल्या दादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बसा, पैसे नकोत. पण बाकीच्यांचं काही पुसू नका."

फेसबुकचं पान उघडलं तर माझाच फोटो समोर! लॉग आउट झालं तरी ब्राउझर नाव आणि चेहरा लक्षात ठेवतो. फोटोच्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबल्यावर तो गेला. मग पत्त्याच्या जागी हे लिहिलं:

```
chrome://password-manager/passwords
```

यादी खाली सरकतच राहिली. बँका, ईमेल, परीक्षांची संकेतस्थळं, सगळी अनोळखी माणसांची. त्या विंडोजला पासवर्ड नव्हता, म्हणजे डोळ्याच्या चिन्हावर दाबलं तर कुणाचाही पासवर्ड सहज दिसला असता. मी फक्त facebook.com उघडून माझी नोंद काढली. पण ती यादी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या लोकांना हे माहीतच नसेल.

मग `Ctrl+Shift+Delete`. इथे माझी चूक होता होता राहिली. काळाच्या जागी आपोआप शेवटचा तास निवडलेला होता आणि मी बसले होते आदल्या दुपारी. तसंच पुसलं असतं तर माझं काहीच गेलं नसतं. मी २४ तास निवडले आणि हिस्टरी, कुकीज व कॅशे यांवर खूण ठेवली. कुकीज गेल्या की त्या मुदतीत दुसऱ्या कोणी उघडं ठेवलेलं खातंही बंद होऊ शकतं, म्हणून आधी दादांना विचारलं. पासवर्डची खूण `Advanced` भागात होती, ती मी मुद्दाम सोडली. माझी नोंद आधीच गेली होती.

शेवटी डाउनलोड्स फोल्डर. क्रोमची डाउनलोडची यादी पुसली तरी फाइल तशीच राहते, हे मला तिथेच कळलं. आधारचा फोटो कुणाच्या तरी मार्कशीटशेजारी पडलेला होता. नुसतं डिलीट केलं तर तो रिसायकल बिनमध्ये जातो, म्हणून `Shift+Delete` केलं. तरीही खास सॉफ्टवेअरने अशी फाइल परत मिळू शकते. आता कुठे द्यायचं झालंच आणि चालत असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते.

निघताना दादांनी एक गोष्ट सांगितली. २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली याची नोंद कॅफेला किमान एक वर्ष ठेवावी लागते. म्हणजे मी पुसली ती ब्राउझरमधली हिस्टरी. कॅफेची नोंद वेगळी, आणि ती माझ्या हातात नाही.

नंतर एकदा पुन्हा कॅफेत बसायची वेळ आली, तेव्हा बसताक्षणी `Ctrl+Shift+N` दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडली. ती बंद झाली की कुकीज आणि हिस्टरी जाते, पण डाउनलोड केलेली फाइल राहतेच. आणि दाबलेल्या कळा टिपून घेणारं एखादं सॉफ्टवेअर कोणी त्या कॉम्प्युटरमध्ये घातलं असेल, तर इन्कॉग्निटोचा काही उपयोग नाही. म्हणून घरी पोचल्यावर माझ्या फोनवरून पासवर्ड बदलला आणि `Where you're logged in` उघडून पाहिलं. यादीत फक्त माझा फोन होता.