गणपतीपूर्व आवराआवर: गोकुळाष्टमीपर्यंतची नोंद

नागपंचमी उलटल्यावर बैठकीच्या खोलीची आवराआवर हाती घेतली होती. गोकुळाष्टमीपर्यंत माळा, शोकेस आणि गणपती बसतो तो कोपरा एवढे काम मार्गी लागले असून पितळेची घासाई मुद्दाम मागे ठेवली आहे. सजावटीची हौस असलेल्यांना क्रम उपयोगी पडेल म्हणून तो कारणांसह लिहून ठेवतो.

आवरायला सुरुवात करण्यापूर्वी मांडणी कागदावर काढली. नऊ इंची मूर्ती, तिच्यासाठी दीड फूट लांबीचा चौरंग, मागे तीन फूट रुंदीचा पडदा, दोन्ही बाजूंना एकेक समई, पुढे तबक, निरांजन आणि घंटा, आणि फुले-दूर्वा ठेवण्यासाठी घरातले जुने तांब्याचे गंगाळ. याखेरीज काहीही मांडायचे नाही, असे आधीच ठरवून टाकले. शोकेसमध्ये याच्या तिप्पट वस्तू दाटीवाटीने उभ्या असतात आणि सणापूर्वी त्या सगळ्या घासत बसण्यात उत्साह संपून जातो. जे मांडायचे तेवढेच घासायचे आणि उरलेले पुसून, कोरडे करून, सुती कापडात गुंडाळून खोक्यात ठेवायचे, असे केल्याने निम्मे काम कागदावरच कमी होते. शिवाय मोकळ्या झालेल्या शोकेसच्या फळीवर नैवेद्याची ताटे आणि आरतीचे साहित्य ठेवता येते. ऐन गर्दीत ही जागा फार मोलाची ठरते.

त्यानंतर माळा. वरची धूळ खालीच येते, त्यामुळे माळ्याच्या आधी खालचे काहीही पुसण्यात अर्थ नाही. सजावटीची खोकी खोलीत न उघडता गॅलरीत जुन्या चादरीवर उघडली. थर्मोकोलच्या मखराचे उरलेले तुकडे सर्वप्रथम बाजूला काढले. महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, आणि तसेही त्याच्या गोळ्या वर्षभर कोपऱ्याकोपऱ्यांतून निघत राहतात. कापडी फुलांपैकी ज्यांच्या तारेच्या सांध्यावर काळे ठिपके होते ती टाकून दिली, कारण ती बुरशी धुतल्याने जात नाही. उरलेली धुण्यापूर्वी प्रत्येक रंगाची एक पाकळी ओली करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिली. रंग उतरला तर ते फूल फक्त झटकायचे. दिव्यांच्या माळा पूर्ण उलगडून वायर बोटांमधून ओढत तपासल्या. उंदराने कुरतडलेली माळ चिकटपट्टी लावून वापरू नये, ती सरळ टाकून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

माळ्यानंतर छताची जळमटे, पंखा, ट्यूब आणि खिडक्यांच्या जाळ्या याच क्रमाने झाल्या. पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा चढवून तो ओढून घेतला की धूळ अभ्र्यातच राहते. ज्यांच्याकडे कोकणी पद्धतीने माटोळी बांधतात त्यांनी याच टप्प्यावर छताच्या कड्या हलवून, भार देऊन पाहाव्यात. फळांनी लगडलेली चौकट बरीच जड होते आणि एकदा खाली चौरंग मांडला की शिडी लावायला जागा उरत नाही.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो कोपऱ्याच्या भिंतीचा. श्रावणात भिंतीवर दिसणारा प्रत्येक डाग एकाच प्रकारचा नसतो. बोटाने खरवडल्यावर मिठासारखी पांढरी पूड पडत असेल आणि ती पाण्यात विरघळत असेल, तर तो भिंतीतून बाहेर आलेला खार असतो. तो कोरड्या ब्रशनेच झाडावा. ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो आणि वाळल्यावर त्याच जागी उगवतो. काळे किंवा हिरवट ठिपके आणि सोबत कुबट वास असेल तर ती बुरशी. ती कोरडी झाडली तर खोलीभर पसरते, म्हणून तिथे ओले फडकेच हवे. पाण्यात मिसळलेले ब्लीच हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून वापरावे, मात्र त्यात संडास साफ करायचे आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आमच्या कोपऱ्यात खाली खार आणि वर बुरशी असे दोन्ही निघाले, त्यामुळे आधी खालचा भाग कोरडा झाडून मग वरचा पुसला.

अशा भिंतीला सणापुरता रंग देण्याचा मोह आवरला. आत ओल असताना दिलेला रंग पोपडे होऊन सुटतो आणि चिकटपट्टीने लावलेला पडदा रंगासकट खाली येतो. म्हणून यंदा पडदा भिंतीला न लावता हलक्या पाइपांच्या उभ्या चौकटीवर, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून बांधणार आहे. मागून हवा खेळती राहते, आणि पडदा म्हणून आजीचे जरीचे लुगडे लावायचे असल्याने त्याला ओल न लागणे महत्त्वाचे आहे. समया पडद्यापासून किमान दीड फूट पुढे राहतील, अशी खूण जमिनीवर खडूने करून ठेवली आहे. मुख्य दिवा पुढून आणि थोडा वरून असेल. मूर्तीच्या मागे दिव्यांची माळ लावली की प्रभावळ शोभते खरी, पण समोरून पाहणाऱ्याला मूर्तीचा चेहरा काळवंडलेला दिसतो.

आता पितळ. पावसाळी हवेत घासलेले पितळ लवकर मंद होते, त्यामुळे ते पोळा झाल्यावर, मूर्ती घरी येण्याच्या आदल्या दिवशी घासणार आहे. तयारी म्हणून प्रत्येक वस्तूला चुंबक लावून पाहिले. एका जुन्या दिवटीला ते चिकटले, म्हणजे ती आतून लोखंडी आणि वरून मुलामा दिलेली. तिला चिंच लावली तर मुलामा उडून गंज वर येईल, म्हणून तिला फक्त कोरडे फडके. बाजारातल्या नव्या शोभेच्या वस्तूंवर पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो असताना घासण्याचा उपयोग होत नाही. थर कुठेकुठे निघालेला असेल तर डाग तेवढ्याच जागी पडतात, यावरून तो ओळखता येतो.

उरलेल्या खऱ्या पितळेसाठी लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळून त्यात चमचाभर मीठ, एवढे दोन समयांना पुरते. कोळ चोळून पाच-सात मिनिटांत धुवावा. अधिक वेळ भिजत ठेवल्यास आम्लामुळे पृष्ठभागातले जस्त निघून जाते, तांबे मागे उरते आणि समई गुलाबी दिसू लागते. तो रंग नुसत्या धुण्याने जात नाही, पॉलिशने पुन्हा घासावे लागते. धुतल्यावर लगेच कोरडे करणे घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे, विशेषतः समईच्या जोडाच्या आट्यांमध्ये, कारण तिथे राहिलेले पाणी दुसऱ्या दिवशी काळे ओघळ सोडते. म्हणून समई सुटी करूनच घासायची आणि पंख्याखाली वाळल्यावर जोडायची. चांदीचे निरांजन मात्र रांगोळीने घासण्याची घरची पद्धत यंदा बंद केली आहे, कारण तिने नक्षीच्या कडा झिजतात. त्यासाठी मऊ फडके आणले आहे आणि टूथपावडरऐवजी चांदीचे पॉलिश आणून ठेवले आहे.

उरलेल्या कामांत सोफ्याची खोळ धुणे, पाइपांची चौकट उभी करून पाहणे आणि फरशी, जी चौरंग मांडण्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटची पुसायची. गौरींचे मुखवटे आणि साड्या अजून पेटीतच आहेत. त्यांची नोंद स्वतंत्रपणे करीन.