संत्रा बर्फीची साइट लांबली, तेव्हा लिहिलेला माफीचा मेल

मी नागपुरात फ्रीलान्स वेबसाइटची कामं करतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या दिवाळीआधी, सीताबर्डीतल्या एका मिठाईवाल्यांची संत्रा बर्फी ऑनलाइन विकायची साइट माझ्याकडे होती. लाईव्हची ठरलेली तारीख ३० सप्टेंबर. घटस्थापना झाली तेव्हाच दिसायला लागलं की हे काही त्या तारखेला होत नाही. फोनवर "दोन दिवसांत करतो भाऊ" म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण त्यांना दिवाळीचे डबे आणि माणसं त्या तारखेवर ठरवायची होती. म्हणून २५ तारखेला मेल लिहायला बसलो.

हाताशी होती ती माझ्या वहीतली यादी, जशी आठवेल तशी खरडलेली:

- पेमेंट गेटवेचं केवायसी परत आलं, खात्यावरचं नाव जुळत नाही
- ओटीपीचा एसएमएस जात नाही, डीएलटी मंजुरी नाही
- २२ पैकी १४ मिठायांचेच फोटो, तेही व्हॉट्सॲपवर दाबलेले
- गिफ्ट बॉक्स मधेच वाढले
- कुरिअरचा दर चुकतो, पुन्हा लिहायचा
- मला ताप
- लाईट

पहिला मसुदा मी याच क्रमाने लिहिला. प्रत्येक ओळीचा एक परिच्छेद, शेवटी "तसदीबद्दल क्षमस्व". शेजारच्या टेबलावरच्या मित्राला वाचायला दिला. तो म्हणाला, "सगळं समजलं बे, पण साइट कधी येऊन राहिली ते कुठं लिहिलं आहे?" होतं ते, सर्वांत खाली.

मग यादीवर काट मारायला घेतली. प्रश्न एकच ठेवला: या गोष्टीमुळे लाईव्हची तारीख आज हलते आहे का? ताप उतरला होता, लाईटमुळे गेलेलं काम भरून निघालं होतं. दोन्ही गेले. कुरिअरचा दर तेवढा खरोखर माझ्याकडे होता. बॉक्सचं वजन एक किलो म्हणून मी एक किलोचा दर लावला होता, पण त्यांच्या कुरिअरच्या दरपत्रकात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० असाही हिशेब होता आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. ३० × २५ × १० सेंटिमीटरचा गिफ्ट बॉक्स त्या हिशेबाने दीड किलोचा होतो. साइटने तसाच दर दाखवला असता तर प्रत्येक बॉक्समागे फरक दुकानाच्या खिशातून गेला असता. पण हे दुरुस्त करणं माझ्या हातात होतं आणि केवायसीची वाट बघता बघता होणारं होतं. तारखेवर त्याचा भार नव्हता.

इथेच मला हिशेब नीट दिसला. उशिरांची बेरीज करायची नसते. फोटो, दर, केवायसी ही कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे त्यातलं जे सर्वांत शेवटी सुटेल तेच तारीख ठरवतं. माझ्याकडे अशा अडकणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या: केवायसी आणि ओटीपी.

केवायसीचं कारण साधं होतं. जीएसटीवर दुकानाचं नाव आणि जोडलेलं पासबुक मालकांच्या बचत खात्याचं. दुकानाच्या नावाच्या चालू खात्याचा कॅन्सल चेक लागणार होता. ओटीपीचं दुखणं लांबचं. भारतात व्यवसायाला असा एसएमएस पाठवायचा तर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर फर्मची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, मग मजकुराचा एकेक नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. एक अडलं की पुढचं सुरूच होत नाही, आणि आमची अजून फर्मचीच नोंदणी व्हायची होती.

ओटीपी धरून बसलो असतो तर दिवाळी गेली असती. म्हणून भाऊंना फोन करून फक्त एवढं विचारलं की दिवाळीच्या ऑर्डरी कोणत्या तारखेपर्यंत पाठवता येतील. ते म्हणाले १५ ऑक्टोबर, त्यानंतर कुरिअर गर्दीत अडकतं आणि बर्फी खराब होते. म्हणजे खरी तारीख ही होती, आणि नव्या तारखा तिच्यापासून मागे मोजायच्या होत्या. ओटीपी आम्हाला लागत होता तो कॅश ऑन डिलिव्हरीसाठी, कारण खोट्या नंबरची ऑर्डर परत आली की मिठाई फुकट जाते. आगाऊ पैसे भरणाऱ्याला त्याची गरज नव्हती. तेव्हा साइटचे दोन टप्पे केले.

मोजणी अशी: चेक २९ तारखेला मिळाला तर गेटवे सांगतो ते तीन कामाचे दिवस म्हणजे ३० सप्टेंबर, १ आणि ३ ऑक्टोबर. मधली २ तारीख गांधी जयंती आणि दसरा. ४–५ शनिवार-रविवार. ६ ला खऱ्या पैशांची एक ऑर्डर टाकून चाचणी. ७ ला लाईव्ह करता आलं असतं, मी मेलमध्ये ८ लिहिली.

गेलेला मेल हा:

विषय: साइट ३० सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबरला सुरू होईल, आपल्याकडून दोन गोष्टी हव्या

नमस्कार भाऊ,

साइट ३० सप्टेंबरला सुरू होणार नाही. नवी तारीख बुधवार, ८ ऑक्टोबर. आपण दिवाळीची तयारी आधीच्या तारखेवर धरली होती, ती मागे पडली याबद्दल मनापासून माफी मागतो.

८ तारखेपासून सर्व मिठाया आणि गिफ्ट बॉक्स आगाऊ पैसे भरून मागवता येतील, म्हणजे १५ तारखेपर्यंत पाठवायच्या ऑर्डरींना आठवडा मिळेल. कॅश ऑन डिलिव्हरी भाऊबीजेनंतर, २७ ऑक्टोबरला सुरू करू. त्याला लागणारी ओटीपीची मंजुरी दिवाळीआधी मिळेल असं मी सांगू शकत नाही.

उशीर मुख्यतः पेमेंटच्या केवायसीमुळे आहे. कुरिअरचा दर मला पुन्हा लिहावा लागला, ते काम ३ तारखेपर्यंत होईल.

आपल्याकडून:
१. दुकानाच्या चालू खात्याचा कॅन्सल चेक, २९ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत.
२. उरलेल्या ८ मिठायांचे फोटो, १ ऑक्टोबरपर्यंत. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे ते दाबले जात नाहीत.

चेक एका दिवसापर्यंत लांबला तरी ८ तारीख सांभाळतो. त्यापुढे मात्र प्रत्येक कामाच्या दिवसामागे तारीख एक दिवस पुढे जाईल.

गिफ्ट बॉक्स नंतर वाढले हे मेलमध्ये कुठेही लिहिलं नाही. ते खरं होतं, पण त्याचे पैसे बिलात वेगळे येणारच होते आणि माफीच्या मेलमध्ये ते वाचणाऱ्याला टोमणाच वाटलं असतं.

भाऊंनी मेलला उत्तर दिलंच नाही, गल्ल्यावरून फोन केला. "आठ तारखेला सुरू होईन ना पक्कं?" एवढंच विचारलं, आणि कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणून थोडे कुरकुरले. चेक आला तो ३० च्या दुपारी. मोजणी १ तारखेपासून सुरू झाली, मंजुरी ६ ला, चाचणी ७ ला. हाताशी ठेवलेला दिवस तिथेच खर्ची पडला आणि ८ ला सकाळी साइट चालू केली. फोटो मात्र सातच आले, म्हणून एक मिठाई पहिल्या दिवशी लपवून ठेवावी लागली.