घरातल्याच चिंध्या, पण ठरवून आणल्यासारख्या

"ब्लाऊजपीस, शर्ट, फ्रॉक यांचे तुकडे वर्षानुवर्षं साठलेत. ते जोडले की गोधडी नुसती गिचमिड दिसते. बाजारातून रंग जुळवून आणल्यासारखी कशी करायची?"

बहुतेक जणी तुकड्यांचे ढीग रंगानुसार लावतात: लाल इकडे, हिरवे तिकडे. गिचमिड तिथेच सुरू होते, कारण लांबून डोळा आधी गडद आणि फिकट एवढंच ओळखतो. रंगाचं नाव त्याला नंतर कळतं. तांबडा आणि पानाचा हिरवा एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात. मोबाइलवर त्यांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहा, दोन्ही सारखेच करडे दिसतील. हळदीचा पिवळा उठावदार म्हणून आपण गडदांत टाकतो, तो त्याच फोटोत जवळजवळ पांढरा होतो. म्हणून सगळे तुकडे जमिनीवर पसरून आधी एक फोटो काढा, तो काळा-पांढरा करा आणि त्याच्याकडे बघत तीन ढीग करा: गडद, मधले, फिकट.

नुसत्या तुकड्यांतून ठरवून केल्याचा भास फार क्वचित येतो. त्यासाठी एक कापड विकत आणायचं. साधं, एकरंगी, सुती. गोधडीचा निम्म्याहून जास्त भाग त्याचा. आपल्या घरांतले तुकडे बहुधा ब्लाऊजपीसचे असतात: मरून, राणी, बाटलीचा हिरवा, गडद निळा. अशा ढिगाला सायीच्या रंगाचं कापड चांगलं. पांढरंशुभ्र नको, त्यावर प्रत्येक तुकडा ओरडतो. ढिगात लहान मुलांचे फिकट फ्रॉकच जास्त असतील तर उलट करा आणि गडद निळं आणा. मात्र मधल्या छटेचं कापड कधीच घेऊ नका, निम्मे तुकडे त्यात बुडून जातात.

एक हिशोब मांडू. पाच फूट बाय सात फूट, म्हणजे 60 बाय 84 इंचांची गोधडी. चौकोन शिवल्यावर 6 इंचांचा हवा, तर कापताना 7 इंचांचा कापायचा. चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत जातो. आडवे 8 आणि उभे 12, असे 96 चौकोन. त्यांतले 48 सायीचे आणि 48 तुकड्यांचे, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. सभोवती सायीच्याच कापडाची 6 इंचांची पट्टी. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून 48 चौकोनांना दीड मीटरच्या आत लागतं, पट्टीला सव्वा मीटर. धुतल्यावर आटतं, म्हणून तीन मीटर आणा आणि कापण्याआधी धुऊन घ्या.

तुकडेही आधी धुवायचे, तेही वेगवेगळे. लाल, मरून आणि गडद निळा यांच्यावर विश्वास ठेवू नये. ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर दाबून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उमटला तर पुन्हा धुवा. तिसऱ्यांदाही उमटला तर तो तुकडा बाद, कितीही आवडता असला तरी. एका कच्च्या मरूनमुळे शेजारचे चार सायीचे चौकोन गुलाबी होतात.

आता 48ची निवड. समजा, लाल-मरून 14, हिरवे 10, निळे 9, राणी 6, मोहरी 5, एवढे सहज निघाले. हे झाले 44. उरलेल्या चारांत लोक हाताला येईल ते भरतात: एक जांभळा, एक फिरोजी, एक नारिंगी, एक चॉकलेटी. अख्ख्या गोधडीत एकदाच आलेला रंग चूक वाटतो, तोच तीनदा आला की मुद्दाम घातल्यासारखा वाटतो. त्यामुळे पाहुणा रंग एकच घ्या, पण तीनदा. फिरोजी तुकडा 12 बाय 7 इंचांचाच आहे? त्यातून 4 बाय 7च्या तीन पट्ट्या निघतात. प्रत्येकीला त्याच मापाची निळी पट्टी जोडली की 7 इंचांचे तीन चौकोन तयार. ते तीन ठिकाणी लांब लांब ठेवायचे: एक वर डावीकडे, एक मधोमध उजव्या कडेला, एक खाली मध्याच्या जवळ. चौथा चौकोन मरूनचाच घाला.

नक्षीचं गणित वेगळं. बारीक बुट्टी लांबून एकरंगी दिसते, तिचा त्रास नाही. मोठ्या फुलाच्या कापडातून मात्र एका चौकोनात नुसती पाकळी येते, दुसऱ्यात नुसता देठ, आणि एकाच कापडाचे दोन तुकडे एकमेकांना ओळख देत नाहीत. पांढऱ्या जमिनीवरची फुलं फिकट ढिगातच धरा. सायीच्या कापडाशेजारी ती भोकासारखी दिसतात. एखादी नक्षी फार भडक असेल तर कापड उलटं लावा. मागची बाजू एक-दोन छटा उतरलेली असते आणि पुष्कळदा तीच जास्त शोभते. शर्टाच्या रेघा सगळीकडे उभ्याच ठेवा. रेशमी आणि टेरिकॉट तुकडे मी तरी घालत नाही: चकाकीमुळे तोच रंग पुढे उडी मारतो, आणि टेरिकॉट सुती कापडासारखं आटत नाही, म्हणून चुण्या पडतात.

मांडणी जमिनीवर करायची, ती पुरी होईपर्यंत शिवायला अजिबात बसायचं नाही. आधी सगळ्यांत गडद 12 तुकडे काढा. ओळी 12 आहेत, प्रत्येक ओळीत एक ठेवा, पण लागोपाठच्या ओळींत तिरके शेजारी नकोत. या पटात तुकडे एकमेकांना फक्त कोपऱ्यांनीच भेटतात, म्हणून एकाच रंगाचे तीन तिरके शेजारी आले की साखळी तयार होते आणि डोळा तिच्यामागे धावतो. गडद बसले की मधले भरा, मोहरी सगळ्यांत शेवटी. पाचच आहेत पण जिथे पडतील तिथे दिवा लागतो. मग स्टुलावर चढून पुन्हा काळा-पांढरा फोटो. एखाद्या कोपऱ्यात काळोख साचलेला दिसला तर तिथला एक गडद आणि लांबचा एक मधला यांची अदलाबदल करा. जमलं की ओळीनुसार गठ्ठे बांधून त्यांवर क्रमांकाची चिठ्ठी टाचा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने सगळी मेहनत जाते.

शिवताना शिवणीची कड गडद बाजूला दाबून इस्त्री करा. फिकट बाजूला दाबली तर सायीतून मरून रेघ झिरपते. आत जुन्या साड्या घालताना वरच्या थराखाली लगेच पांढरी चादर किंवा धोतर घाला, नाहीतर गडद साडीचे काठ वर दिसतात.

धावदोरा सबंध गोधडीभर एकाच रंगाचा. तुकड्यानुसार दोरा बदलण्याचा मोह होतो, पण बदलू नका. सायीचा दोरा मरूनवरून, हिरव्यावरून, निळ्यावरून बोटाबोटाच्या अंतराने जात राहिला की प्रत्येक गडद तुकड्यावर सायीचे ठिपके पडतात आणि रंग एकमेकांच्या जवळ येतात. ओळी मध्यापासून सुरू करून फेऱ्या मारत कडेकडे न्या, म्हणजे झोळ मध्ये साचत नाही, दर फेरीला हाताने पुढे सारता येतो.