अँड्रॉइडवर भरलेलं सबस्क्रिप्शन आयफोनवर कसं आणलं: माझा अनुभव

कागदपत्रं स्कॅन करून त्यांची पीडीएफ करणारं एक अ‍ॅप मी अँड्रॉइड फोनवर बरेच दिवस वापरत होते. त्याचं वार्षिक सबस्क्रिप्शन घेतलेलं होतं, आणि दुसऱ्या वर्षाचे पैसेही नुकतेच कापले गेले होते. मग फोन बदलला आणि आयफोन घेतला. स्कॅन केलेल्या सगळ्या फायली गूगल ड्राइव्हवर असल्यामुळे त्या नव्या फोनवर लगेच दिसल्या. त्याच अ‍ॅपची आयफोनची आवृत्ती उतरवली, तर प्रत्येक पानावर वॉटरमार्क आणि वर 'प्रीमियम घ्या' असं निळं बटण. त्याच्या खाली बारीक अक्षरात Restore Purchases लिहिलेलं होतं. ते दाबलं. क्षणभर चक्र फिरलं आणि उत्तर आलं की कोणतीही खरेदी सापडली नाही.

हे उत्तर तसं खरंच होतं. आयफोनवर हे बटण दाबलं की अ‍ॅप फक्त अ‍ॅपलला विचारतं, 'या अ‍ॅपल खात्यावर माझ्या अ‍ॅपची काही खरेदी आहे का?' माझी खरेदी गूगल प्लेच्या वहीत, माझ्या गूगल खात्याच्या नावावर होती. दोन्ही दुकानांच्या वह्या वेगळ्या आणि ती एकमेकांच्या वह्या उघडत नाहीत. त्यामुळे ते बटण शंभर वेळा दाबलं तरी उपयोग नाही. मधला दुवा व्हायचा असेल तर तो अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हरच होऊ शकतो. 'या ग्राहकाने गूगलकडे पैसे भरलेत' हे तिथे ग्राहकाच्या खात्यासमोर नोंदलेलं असेल, तर ग्राहक कुठल्याही फोनवरून लॉगिन करो, सोयी मिळतात. अ‍ॅपलची याला हरकत नाही. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर घेतलेलं सबस्क्रिप्शन आयफोनच्या अ‍ॅपमध्ये चालू द्यायला नियमांत मुभा आहे, अट एवढीच की तीच गोष्ट आयफोनच्या अ‍ॅपमध्येही विकत मिळायला हवी. पण ही मुभा आहे, सक्ती नाही. एखाद्या कंपनीला ते करायचं नसेल तर ती करत नाही.

माझ्या बाबतीत गोची वेगळीच होती. या अ‍ॅपला लॉगिन लागतच नव्हतं. उतरवा, उघडा, स्कॅन करा. अशा वेळी अ‍ॅप आतल्या आत ग्राहकाला एक निनावी क्रमांक देतं आणि सबस्क्रिप्शन त्या क्रमांकाला चिकटतं. नव्या फोनवर मला नवा निनावी क्रमांक मिळाला होता. सर्व्हरच्या दृष्टीने मी आजच आलेली अनोळखी बाई.

निळं बटण दाबून पुन्हा पैसे भरले असते तर सुटले असते, हा मोह होतोच. पण मग त्याच अ‍ॅपची दोन सबस्क्रिप्शनं झाली असती, एक गूगलकडे आणि एक अ‍ॅपलकडे, आणि दोन्ही आपापल्या तारखेला पैसे कापत राहिली असती. एक घेतलं म्हणून दुसरं आपोआप थांबत नाही.

मग कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. पहिलं उत्तर छापील होतं: Restore Purchases दाबा, फोन बंद करून चालू करा. मी परत लिहिलं, यावेळी सगळं स्पष्ट मांडून: खरेदी गूगल प्लेवर झाली आहे, आता आयफोन वापरते, अँड्रॉइडवर अ‍ॅपमध्ये लॉगिन केलेलं नव्हतं. सोबत ऑर्डर क्रमांक जोडला. तो googleplay-noreply@google.com या पत्त्यावरून आलेल्या पावतीच्या मेलमध्ये असतो आणि GPA. ने सुरू होतो. माझ्याकडे दोन पावत्या होत्या. पहिल्या वर्षीच्या क्रमांकात GPA. नंतर नुसते आकडे होते, आणि दुसऱ्या वर्षीच्या पावतीवर तोच क्रमांक होता, फक्त शेवटी ..0 जोडलेलं. आधी वाटलं मेलमध्ये काही तरी गडबड आहे. पण ते शेपूट नूतनीकरणाचं असतं: पहिलं नूतनीकरण ..0, दुसरं ..1, असं पुढे. मी चालू वर्षाचा क्रमांक शेपटासकट पाठवला आणि पावतीचा स्क्रीनशॉटही. त्यात ज्या गूगल खात्यातून खरेदी झाली तो मेल पत्ता दिसत होता.

यावेळचं उत्तर माणसाने लिहिलेलं होतं आणि नेमकं होतं. अ‍ॅपमध्ये आता खातं उघडायची सोय आली आहे. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप उघडा, सबस्क्रिप्शन चालू दिसतंय याची खात्री करा, मग तिथेच खातं उघडा. सबस्क्रिप्शन त्या खात्याला जोडलं जाईल. त्यानंतर आयफोनवर त्याच खात्याने लॉगिन करा.

झकास. फक्त माझा अँड्रॉइड फोन नवा घेताना बदल्यात गेला होता.

इथे बरेच जण थांबत असतील, पण थांबायचं कारण नाही. खरेदी त्या फोनवर नसते, गूगल खात्यावर असते. त्यामुळे तेच खातं घातलेलं कुठलंही अँड्रॉइड यंत्र चालतं. धाकट्या भावाकडे एक जुना टॅबलेट धूळ खात पडला होता. तो म्हणाला, "घे की ताई, पण माझं खातं उडवू नकोस हं, त्यात माझे गेम आहेत."

त्याचं खातं उडवायची गरज नव्हती, पण ते तिथे असल्यामुळेच एक जपायची गोष्ट होती. एका यंत्रावर दोन गूगल खाती असली की प्ले स्टोअरमध्ये ज्या खात्यातून अ‍ॅप उतरवलं जातं, साधारणपणे त्याच खात्याच्या खरेद्या त्या अ‍ॅपला दिसतात. म्हणजे नुसतं माझं खातं टॅबलेटमध्ये घालून भागलं नसतं. मी सेटिंग्जमध्ये माझं खातं जोडलं, दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा कोड टाकला, मग प्ले स्टोअर उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारली आणि तिथे माझं खातं निवडलं. त्यानंतरच अ‍ॅप शोधून उतरवलं. ते भावाच्या खात्यातून आधीच उतरवलेलं असतं तर आधी काढून टाकावं लागलं असतं.

अ‍ॅप उघडलं, पुन्हा तेच Restore Purchases दाबलं, आणि यावेळी वॉटरमार्क गेला. 'प्रीमियम'च्या पाटीखाली संपण्याची तारीखही आली, पावतीवर होती तीच.

पुढची पायरी साधी होती, पण फसायला जागा इथेच होती. खातं उघडताना अ‍ॅप तीन वाटा देतं: गूगलने, अ‍ॅपलने किंवा मेल पत्ता आणि पासवर्ड टाकून. मी तिसरी निवडली. आयफोनवर लॉगिन करताना सगळ्यात ठळक बटण अ‍ॅपलचं असतं, आणि तिथे मेल पत्ता लपवायचा पर्याय निवडला की अ‍ॅपल आपल्या नावाने @privaterelay.appleid.com असा नवाच पत्ता तयार करून अ‍ॅपला देतं. अ‍ॅपच्या दृष्टीने ते दुसरंच खातं, त्यात सबस्क्रिप्शन नाही. माणूस मात्र म्हणत राहतो की मी तर लॉगिन केलंय. ज्या वाटेने खातं उघडलं त्याच वाटेने आयफोनवर आत जायचं. माझं मत विचाराल तर साधा मेल आणि पासवर्ड बरा. कुठल्या फोनवर आहोत याचा प्रश्नच येत नाही.

टॅबलेटवर खातं उघडून झाल्यावर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये माझा मेल पत्ता आणि त्याखाली 'प्रीमियम' हे दोन्ही एकत्र दिसेपर्यंत मी टॅबलेट खाली ठेवला नाही. नुसता पत्ता दिसला आणि प्रीमियम फक्त यंत्रापुरतं राहिलं, असंही होऊ शकतं. मग लॉगिन झालेलं असतानाच Restore Purchases पुन्हा दाबायचं. मग आयफोन घेतला, त्याच पत्त्याने आत गेले. काहीच बदललं नाही. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं तेव्हा निळं बटण गायब झालं.

टॅबलेट परत देण्याआधी त्यातून माझं गूगल खातं काढून टाकलं. खाजगीपणा हे कारण आहेच, पण आणखी एक आहे. काही अ‍ॅप्समध्ये Restore Purchases दुसऱ्या लॉगिनखाली दाबलं गेलं तर सबस्क्रिप्शन त्या नव्या खात्याकडे सरकतं आणि आधीच्या खात्याकडून जातं. भावाने सहज ते अ‍ॅप उघडून स्वतःच्या नावाने लॉगिन करून बटण दाबलं असतं तर माझे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खातं काढल्यावर आयफोनवर काही फरक पडला नाही. पुढची खबरबात गूगलकडून कंपनीच्या सर्व्हरला थेट जाते, त्यासाठी टॅबलेट चालू असावा लागत नाही.

ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडायची सोयच नसेल तिथे हा मार्ग चालणार नाही. तिथे पावती दाखवून उरलेल्या मुदतीपुरता कोड मागता येतो, पण द्यायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. गूगलकडे पैसे परत मागायचे तर खरेदीनंतर पहिल्या 48 तासांत त्यांच्याकडे अर्ज करणं सोपं असतं. ती मुदत टळली की गूगल साधारणपणे अ‍ॅप बनवणाऱ्याकडेच बोट दाखवतं.

राहिलं नूतनीकरण. आयफोनच्या सेटिंग्जमधल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत हे दिसत नाही, कारण ती यादी अ‍ॅपलची. फोन बदलल्याने किंवा अ‍ॅप काढून टाकल्याने गूगलकडचं सबस्क्रिप्शन बंदही होत नाही. ते ब्राउझरमधून बघता येतं:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

आयफोनवरच्या ब्राउझरमध्ये हे पान उघडलं, ज्या गूगल खात्यातून खरेदी केली होती त्याने लॉगिन केलं आणि पुढचं नूतनीकरण रद्द केलं. भरलेल्या वर्षाची मुदत त्याने कमी होत नाही. गूगलच्या त्या पानावर आता संपण्याची तारीख आहे आणि आयफोनच्या अ‍ॅपमध्येही तीच. तोवर आणखी एखादं स्कॅनर वापरून बघेन, आणि हेच पुढे घ्यावंसं वाटलं तर याच खात्यात लॉगिन करून आयफोनवरून घेईन.